लघुकथा : रिकामं घर (शेवट पटतो का, सांगा)

पंचगंगाकाठ

नमस्कार. बऱ्याच वर्षांनी काहीतरी लिहिलंय. छोटीच गोष्ट आहे, बहुतेक खरी. शेवटावर मीच अडलोय, म्हणून इथे टाकतोय. बिनधास्त बोला.

---

मे १९९४. कोल्हापूरहून नागपूरला, आत्याकडे. महाराष्ट्र एक्सप्रेसचा साधा स्लीपर, आजी खिडकीशी, मी समोर. माझ्या हातात यात्रेत घेतलेलं पंधरा आकड्यांचं सरकतं पझल. लाल चौकट, पांढरे ठोकळे, एक घर रिकामं.

मिरज गेल्यावर आजीनं विचारलं, "त्ये काय करतोयास मघाधरनं?"

"आकडे ओळीत लावायचेत."

"मग काढ आन् लाव की."

"काढायचे नाहीत आजी. सरकवायचे."

तिनं हात पुढे केला. आकडे इंग्रजी होते आणि तिला येत होते ते कालनिर्णयावरचे. कऱ्हाड येईपर्यंत मी तिला एक ते नऊ शिकवले. सहा आणि नऊ मात्र काही केल्या बसेनात. शेवटी तिनंच तोडगा काढला, "शेपूट वर त्यो सहा, शेपूट खाली त्यो नऊ."

एक आणि दोन जागेवर बसवणं सोपं. तीन-चारला सगळेच अडतात, कारण तीन बसवून चार कोपऱ्यात न्यायला गेलं की तीन हलवावाच लागतो. मी तिला युक्ती दाखवली. तीन मुद्दाम कोपऱ्यात, चारच्या घरात, न्यायचा. चार त्याच्या बरोबर खाली आणायचा. मग तीन डावीकडे, चार वर. आजी बघत राहिली.

"म्हंजे आधी दुसऱ्याच्या घरात बसवायचं, आन् मग दोघास्नी संगट सरकवायचं."

साताऱ्यानंतर माझ्या लक्षात आलं, की मी आकड्याकडे बघून खेळतो आणि आजी रिकाम्या घराकडे. "जागा कुठं हाय त्ये बघ. डबा उचलायच्या आधी त्यो ठेवायचा कुठं ते बघावं." रात्री मनमाडला इंजिन उलट बाजूला लागलं आणि आम्ही पाठमोरे चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी जळगावनंतर ऊन चढलं. पझल खिडकीच्या पट्टीवर तापत पडलं होतं. भुसावळला मी पाणी भरायला उतरलो. परत आलो तर आजी बाकाखालून उठत होती.

"पडलं रं त्ये. दोन निगाले हुते, बसिवले."

अकोल्यापर्यंत मी सगळं लावलं. शेवटची ओळ आली १३, १५, १४. मोडून परत लावलं. परत १३, १५, १४. तिसऱ्यांदाही तेच. "तूच बिघडवलंस," असं म्हणून मी पझल तिच्या मांडीवर टाकलं आणि रागारागानं झोपलो.

वर्ध्याला जाग आली. पझल माझ्या छातीवर होतं, एक ते पंधरा, सगळे ओळीत. आजी अंबाडा नव्यानं बांधत होती.

"आजी! कसं केलंस?"

"सरकिवलं," ती म्हणाली.

---

तर प्रश्न असा. हा शेवट पटतो का? की तिनं ते कसं केलं हे थोडं उलगडून सांगायला हवं?

तिखटमीठ

छान! "काढ आन् लाव की" ला मोठ्यानं हसलो. आमची आजी असती तर पझल खिडकीतून बाहेर गेलं असतं.

रुळावरचा

गोष्ट आवडली, पण एक खटकलं. इंजिन उलट बाजूला लागायचं ते दौंडला, मनमाडला नाही. पुण्याहून आलेली गाडी दौंडात शिरते आणि नगर-मनमाडचा फाटा निघतो पुण्याच्याच अंगाने. त्यामुळे गाडीला तोंड फिरवावं लागायचं. रात्री ते धक्के बसले की आम्ही झोपेतसुद्धा ओळखायचो, दौंड आलं. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून त्या मार्गावरच्या बऱ्याच गाड्या बाहेरूनच वळतात. मनमाडला तुमची गाडी सरळ भुसावळकडे गेली असणार.

पंचगंगाकाठ

@रुळावरचा, मान्य. मी अर्धवट झोपेत होतो, चहावाल्याचा आवाज तेवढा आठवतो. दौंड करतो.

सुलेखा

आम्ही एकदा प्रवासात ब्रेनव्हिटा नेला होता. बत्तीस गोट्या. घाटात गाडीला गचका बसला आणि गोट्या डबाभर. चार अनोळखी माणसं बाकाखाली! एकतीस मिळाल्या. तेव्हापासून आमच्याकडे एक वाटाणा खेळतो.

खडूफळा

गोष्ट छान आहे, पण शेवट पटत नाही. आणि कारण साहित्यिक नाही. १३, १५, १४ आणि रिकामं घर खालच्या उजव्या कोपऱ्यात, बाकी सगळं जागेवर, अशी स्थिती नुसती सरकवून कधीच सुटत नाही. अवघड आहे असं म्हणत नाहीये, अशक्य आहे. तीस वर्षं मुलांना शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पझलची घरं बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवली आहेत असं समजा. एक ठोकळा सरकवला की रिकामं घर शेजारी जातं, म्हणजे त्याचा रंग बदलतो. काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर. आता खेळ सुरू करताना रिकामं घर कोपऱ्यात आहे आणि संपवतानाही त्याच कोपऱ्यात हवंय. रंग तोच हवा, तर चाली सम संख्येतच होणार. वीस, ऐंशी, दोनशे, काहीही, पण सम. प्रत्येक चाल म्हणजे रिकाम्या घराची आणि एका ठोकळ्याची अदलाबदल. म्हणजे एकूण अदलाबदली सम. आणि तुम्हाला हवी आहे एकच, चौदा आणि पंधराची. एक ही विषम. सम अदलाबदली करून विषमाचं काम होत नाही, कितीही डोकं लावा.

मग अशी स्थिती आली कशी? भुसावळला. दोन ठोकळे पडले म्हणजे घरं रिकामी झाली तीन. दोन ठोकळे तीन घरांत सहा प्रकारे बसवता येतात. त्यातले तीन प्रकार सुटणारे, तीन न सुटणारे. आजींच्या वाट्याला वाईट तिघांतला एक आला. मुलाने "तूच बिघडवलंस" म्हटलं ते शब्दशः खरं आहे, बिचारीला बोलायला नको होतं इतकंच.

कोडेबाज

खडूफळा सर बरोबर बोलतायत. हे कोडं सॅम लॉइडने शोधलं आणि १४-१५ सोडवणाऱ्याला १००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कुणालाच मिळालं नाही.

पण एक शंका. पडले कोणते ठोकळे? समजा ६ आणि ९ ची अदलाबदल झाली, तर शेवटी ६ आणि ९ चुकीचे दिसायला हवेत. १४-१५ कसे चुकतील? त्यांना तर कुणी हातही लावला नाही.

खडूफळा

@कोडेबाज, बक्षिसाचं खरं, शोधाचं नाही. लॉइडने १८९१ पासून श्रेय घ्यायला सुरुवात केली. त्याआधीच १८८० मध्ये अमेरिकेत या खेळाचं वेड येऊन ओसरलं होतं. शोध न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनस्टोटा गावच्या पोस्टमास्तराचा, नोइस चॅपमनचा, असं आता मानतात. आणि १४-१५ सुटत नाही याची सिद्धता १८७९ मध्येच छापून आली होती. लॉइडचे हजार डॉलर अगदी सुरक्षित होते.

शंका मात्र चांगली आहे. चूक त्या दोन ठोकळ्यांना चिकटून राहत नाही. मुलगा खेळताना सहाला सहाच्या घरात नेणारच, नऊला नऊच्या. तेवढे ठोकळे मोकळे असताना काहीही कुठेही नेता येतं. चूक पुढे पुढे ढकलली जाते आणि हलायला जागाच उरत नाही तिथे उघडी पडते. तुम्ही वरून खाली लावत आलात तर शेवटच्या ओळीत. खालच्या दोन ओळी डावीकडून उभ्या जोड्यांनी, आधी ९-१३, मग १०-१४, अशा लावल्या तर शेवटच्या चौकोनात ११-१२ उलटे येतील. चूक तीच, फक्त उतरण्याचं स्टेशन वेगळं.

तिखटमीठ

घरातलं भांडण पण असंच असतं. सुरू होतं चहावरून आणि दिसतं शेवटी सासरच्या लग्नात.

कोडेबाज

सिद्धता देणाऱ्यांची नावं आत्ता बघितली. जॉन्सन आणि स्टोरी. स्टोरी! कथेच्या धाग्यावर!

उत्तररात्र

गणित होऊ द्या, पण लेखकाने विचारलं होतं गोष्टीबद्दल. माझं मत : उलगडून सांगू नका. "सरकिवलं" वर थांबलात ते योग्यच आहे. खटकलं ते दुसरंच. डबा उचलायच्या आधी जागा बघावी, हे वाक्य जरा जास्त तयार वाटतं. आजी बोलल्यासारखं नाही, आजीबद्दल लिहिल्यासारखं. नुसतं "जागा कुठं हाय त्ये बघ" पुरे. डब्याचं वाचकाला कळतं.

अमेरिकेतून_मी

खूप हृद्य! माझी आई येत्या उन्हाळ्यात इकडे येतेय, अठरा तासांचा विमानप्रवास आहे. तिला वेळ घालवायला असं काहीतरी घ्यायचंय. तिचे हात थोडे थरथरतात. हे पझल घेऊ की सुडोकू? कुणी वापरलंय का?

सुलेखा

@अमेरिकेतून_मी, गोट्यांचं काही घेऊ नका एवढं सांगते.

अनुस्वार

एक मिनिट. कुणाच्याच लक्षात आलं नाही का? "आजी अंबाडा नव्यानं बांधत होती."

अंबाडा कधी सुटतो? त्यातला आकडा काढला की!

आजींनी केसातला आकडा काढला, ठोकळ्याच्या फटीत घातला, चौदा आणि पंधरा उचकटून काढले, अदलाबदल करून दाबून बसवले, आकडा परत केसात. त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं, काढ आन् लाव की. लेखकमहाशय, काय सुंदर पेरलंय! आकड्याने आकडे काढले.

उत्तररात्र

अरे वा. मग तर शेवटाला हात लावायचाच नाही.

पंचगंगाकाठ

@अनुस्वार, खरं सांगू? मी काहीही पेरलेलं नाही. जाग आल्यावर तिचे दोन्ही हात डोक्यामागे होते आणि दातात आकडा धरलेला होता, एवढं चित्र डोळ्यांपुढे होतं म्हणून लिहिलं. तुमचा प्रतिसाद वाचून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. तीस वर्षं मला वाटत होतं की आजीने सोडवलं.

तिखटमीठ

सोडवलंच की. तुम्ही तीनदा प्रयत्न केलात, तिने एकदा.

खडूफळा

अनुस्वार यांचा तर्क बळकट आहे, पण लगेच निकाल देऊ नका. आजींनी काहीही न काढता, नुसतं सरकवूनही ते केलं असू शकतं. एक पळवाट आहे.

१४-१५ उलटे असलेलं पझल नेहमीच्या मांडणीत येत नाही, हे खरं. पण रिकामं घर शेवटी न ठेवता अगदी पहिलं, वरच्या डाव्या कोपऱ्यात, ठेवलं आणि त्यानंतर एक ते पंधरा ओळीने लावले, तर ती मांडणी मात्र त्याच पझलमधून मिळते. म्हणजे पहिल्या ओळीत रिकामं, १, २, ३, दुसरीत ४, ५, ६, ७, असं. आकडे ओळीतच दिसतात! रिकामं घर शेवटीच हवं, हा नियम नातवाने सांगितला होता का? आजींचं लक्ष तर सुरुवातीपासून रिकाम्या घरावरच होतं.

अकोल्यापासून वर्धा चांगलं काही तासांचं अंतर आहे. वेळ भरपूर होता. तेव्हा लेखकांना प्रश्न : जाग आली तेव्हा रिकामं घर कुठे होतं?

पंचगंगाकाठ

हाच तर प्रश्न आहे. आठवत नाही. एक ते पंधरा ओळीत होते एवढं नक्की. मी कुणाला तरी दाखवायला लगेच पळालो आणि परत येईपर्यंत आत्तेभावासाठी मोडून ठेवलं होतं. रिकामं घर शेवटी हवं असं मी तिला सांगितल्याचंही आठवत नाही. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगितलं नसेलच.

कोडेबाज

थांबा थांबा, मी मोबाइलवर १४-१५ सोडवलंय असं मला कायम वाटायचं, ते बहुतेक हेच. रिकामं पहिल्या घरात. म्हणजे मी वेडा नाही.

तिखटमीठ

त्यावर वेगळा धागा काढू.

अनुस्वार

माझ्याकडे अजून एक तर्क आहे, आणि हा मला आकड्यापेक्षा आवडतो. गोष्टीत शेपूट वर, शेपूट खाली आहे ना? पडलेले ठोकळे सहा आणि नऊच असतील तर? आजींनी दोन्ही ठोकळे आपापल्या घरात अगदी बरोबर बसवले, फक्त उलटे. सहाचा झाला नऊ, नऊचा झाला सहा. न बदलता बदलले. म्हणजे "तूच बिघडवलंस" म्हणणाऱ्या नातवाला त्या शपथेवर सांगू शकल्या असत्या, की बाबा, जिथले तिथेच ठेवलेत.

रुळावरचा

जमणार नाही. असलं पझल मी लहानपणी खोलून बघितलंय. ठोकळ्याला दोन बाजूंना जीभ आणि उरलेल्या दोन बाजूंना खाच असते, त्याशिवाय ठोकळे एकमेकांत धरून राहणारच नाहीत. ठोकळा उलटा फिरवला की जिभेसमोर जीभ येते. बसतच नाही.

अनुस्वार

यात्रेतलं पझल हो! उन्हात तापलेलं, चौकट सैल झालेली. दाबलं की काहीही बसतं. शिवाय त्यातले दोन आधीच बाहेर पडले, म्हणजे धरून ठेवणं यथातथाच होतं.

रुळावरचा

दाबून बसेल, पण मग सरकणार नाही. आणि अकोल्यापर्यंत याने तीनदा लावलंय.

खडूफळा

दोघांचंही ऐकून : शक्यता म्हणून अनुस्वारांचा तर्क गणितात बसतो. सहा-नऊ उलटे बसले की पाटी फिरवल्यासारखी एक अदलाबदल होते आणि पझल न सुटणारं बनतं. ठोकळ्याची जीभ कशी होती ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि आकड्यांखाली रेघ असेल तर बातच संपली. काही पझलमध्ये ६ आणि ९ ओळखू यावेत म्हणून खाली रेघ असते.

पंचगंगाकाठ, ते पझल आहे का अजून?

पंचगंगाकाठ

आहे. आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत मिळालं, चौकटीला आडवं रबर लावलेलं. काल रात्री माळ्यावरून काढलं. रबर हातातच तुटलं.

बघितलं ते सांगतो. सहा आणि नऊखाली रेघ नाही. ठोकळ्यांना जीभ आहे, रुळावरचा म्हणतात तशीच. पण सहाची एक जीभ अर्धी तुटलेली आहे. ती पडताना तुटली की पुढे आत्तेभावाने तोडली, देव जाणे. सहा उलटा घालून बघितला. बसतो. सरकतो पण, जरा करकरत. नऊ उलटा बसत नाही. आता बसत नाही, तेव्हा मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात बसला असेल का, ते मला सांगता येत नाही.

ओरखडे शोधले. पंधराच्या उजव्या कडेला एक बारीक खाचा आहे, आकड्याच्या टोकाएवढा. तसाच नऊच्या कडेलाही आहे. चौदाला नाही.

रुळावरचा

चौदाला नसला तरी चालतं. चौदा कोपऱ्यात सरकवला की रिकामं घर पंधराशेजारीच येतं, एक निघाला की दुसरा बोटाने निघतो.

अनुस्वार

आणि नऊचा खाचा? 😊

रुळावरचा

आत्तेभाऊ.

उत्तररात्र

मूळ प्रश्नाकडे येते. शेवट तसाच ठेवा. बदल एकच करा. "एक ते पंधरा, सगळे ओळीत" याच्यापुढे काही जोडू नका, विशेषतः रिकामं घर कुठे होतं ते. तुम्हाला आठवत नाही हे गोष्टीच्या फायद्याचं आहे. आणि दातात धरलेला आकडा घाला, तो अंबाड्यापेक्षा चांगला आहे.

अनुस्वार

असहमत! आकडा दाखवला की कोडं तिथेच फुटतं. अंबाडाच राहू दे. शोधणारा शोधेल.

पंचगंगाकाठ

अंबाडा ठेवतो. दौंड केलं. डबा काढला, जरा जिवावर आलं, पण काढला. पझल मुलीला दिलं. तिने अर्ध्या मिनिटात विचारलं, "बाबा, हे काढून लावलं तर चालतं का?"

अमेरिकेतून_मी

सगळं वाचलं. पण मग आईसाठी कुठलं घेऊ?

तिखटमीठ

ज्याच्या फटीत केसाचा आकडा जातो ते घ्या. फक्त विमानात आकडा हातातल्या सामानात चालतो का ते बघा.